बावीस मिनिटांनंतरचा आवाज

हिंगणीच्या आरोग्य उपकेंद्रातून वर्ध्याच्या डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून इंटरनेटवरून आवाज पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तिथल्या सिस्टर पेशंटला समोर बसवून कॉल लावायच्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"भाऊ, आवाज जाते. घड्याळ पाहून सांगते, बावीस मिनिटं होत आले का दोन्हीकडून बंद. पुन्हा लावला का चालते."

"वायर हलत असेल," मी सेलूतल्या घरून म्हणालो. "टेबलाला हात लागतो तुमचा."

"हात नाई लावत मी. इंटरनेटच्या डब्ब्यावरचा लाइटही हिरवाच राह्यते."

मी ऐकलं नाही. माझ्या चाचण्या पाच-दहा मिनिटांच्या होत्या आणि त्या सगळ्या नीट चालल्या होत्या. डॉक्टरांनाही मी तेच कळवलं की तिकडे वायर हलते.

महिनाभराने हिंगणीला गेलो. जंगलात काम करणारे एक म्हातारे आजोबा कॉलवर डॉक्टरांना दम्याबद्दल सांगत होते. सिस्टर दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. आजोबांनी टेबलावर कोपर टेकलं तसं त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, हात काढा तेवढा." मी वायरीकडे पाहत राहिलो. बाविसाव्या मिनिटाला आवाज गेला. कुणीही हललं नव्हतं.

मी लॅपटॉप उघडून नोंदी पाहिल्या. आवाजाचे तुकडे सेकंदाला पन्नास जातात. वाटेत ते मागेपुढे होतात, म्हणून प्रत्येकावर क्रमांक असतो आणि पलीकडे ते क्रमाने लावून वाजवले जातात. क्रमांकाला जागा फक्त ६५,५३५ पर्यंत, त्यानंतर पुन्हा शून्य. माझ्या प्रोग्रामला ० हा ६५,५३५ पेक्षा लहान दिसला, म्हणजे उशिरा आलेला जुना तुकडा. तो त्याने टाकून दिला. मग १, मग २, पुढचे सगळेच. आजोबांचं बोलणं पोचत होतं, आणि फेकून देत होतो मी.

दुरुस्ती दोन ओळींची होती. नुसतं लहान-मोठं न पाहता क्रमांक गोल फिरतात असं धरायचं: शेवटच्या तुकड्यापासून पुढे मोजत गेल्यावर अंतर अर्ध्या फेरीपेक्षा कमी असेल, तर तुकडा नवा. दोन्हीकडे बदल टाकला. पुढचा कॉल चाळीस मिनिटं चालला.

"वायर बदलली का भाऊ?" सिस्टरांनी विचारलं.

मी "हो" म्हणालो आणि निघालो.

ते "हो" पुढचे आठ दिवस मला खात राहिलं. शेवटी पुन्हा गेलो आणि खरं काय ते सांगितलं. त्या गोळ्यांची पाकिटं लावत होत्या.

"मले सांगून काय फायदा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांले सांगा. त्यायले अजून वाटते, मीच धसमुसळी हाय."

मी तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. चूक माझी होती, सिस्टरांची नाही, असं सांगितलं. सिस्टर पाठमोऱ्या होत्या, पण पाकिटं लावायची त्यांनी थांबवली होती.