गेटबाहेरचा ढग

धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या एका माणसाचं रक्त आमच्या पेणच्या लॅबमध्ये आलं होतं. ल्युकेमिया कोणत्या प्रकारचा, यावर त्याचं औषध ठरणार होतं. चमकणारे रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून गेल्या आणि स्क्रीनवर ठिपक्यांचे ढग उमटले. मी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या ढगाभोवती गेट, म्हणजे निवडीची रेघ आखली. आत सगळं नॉर्मल. मी गोंधळले.

"अगो, सीडी-४५ ही खूण फिकट असलेला कच्च्या पेशींचा ढग बाहेरच राहिला," मागून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. "चोर अंगणात आणि तू घरच्यांची झडती घेतेस!"

गेट सरकवल्यावर त्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ आणि सीडी-१० या बी-पेशींच्या, आणि सीडी-३४ ही कच्च्या पेशींची खूण दिसली. मायलॉइड, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाच्या खुणा नव्हत्या. बी-पेशींचा ल्युकेमिया.

बाहेर त्याच्या बायकोने विचारलं, "काय सापडला नाय ना गो?"

सापडलं म्हणूनच औषध ठरणार होतं. मी तिला मॅडमकडे घेऊन गेले.