घंटेची ड्यूटी

शाळेच्या प्रयोगशाळेत संस्थेच्या सचिवांची धानाची पोती होती. कुरखेड्याकडच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, आणि दहावीच्या मुलांनी परीक्षानळी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. प्रयोगवह्या मात्र दरवर्षी फळ्यावरून उतरवून भरल्या जात, आणि प्रयोग झाल्याच्या दाखल्यावर सही माझी असे. दोन वर्षं मीही मुकाट्यानं सह्या केल्या. तिसऱ्या वर्षी शिक्षकांच्या सभेत म्हटलं, खोली रिकामी करा, नाहीतर सही करणार नाही. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण मी ते इतिवृत्तात लिहायला लावलं.

कायम झालेल्या शिक्षकाला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी समिती, शिक्षणाधिकारी, केवढा तरी व्याप. त्यानं आपणहून राजीनामा दिला की सगळं सोपं. त्यासाठी वेळापत्रक नावाचं हत्यार पुरेसं असतं.

सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. दहावीचं विज्ञान गणिताच्या सरांकडे गेलं. मला पाचवीचं शुद्धलेखन पहिल्या तासाला आणि पाचवीचंच शारीरिक शिक्षण आठव्या तासाला. मधले सहा तास रिकामे, पण शाळा सोडायची नाही, आणि शिक्षकखोलीतली माझी खुर्ची ‘दुरुस्तीला’ गेलेली. मी व्हरांड्यातल्या बाकावर, बंद प्रयोगशाळेसमोर बसायची. इतर शिक्षक जाता-येता माझ्याकडे बघायचं टाळून घड्याळ बघत.

मग सूचना वही सुरू झाली. शिपाईभाऊ ती भर वर्गात आणत, मी मुलांसमोर वाचायची आणि सही करायची. मधल्या सुट्टीत मुतारीजवळ उभं राहून देखरेख करावी. शिपायास इतर काम असल्याने घंटा द्यावी. इतर काम म्हणजे सचिवांचं शेत.

‘‘बाई, मी तं निरोप्या माणूस. मले दोष देऊ नका,’’ शिपाईभाऊ म्हणाले. त्यांच्यावर कशाला रागावू? आमच्या दोघांचा मालक एकच होता.

मुख्याध्यापक वाईट नव्हते, भित्रे होते. ‘‘काऊन वाद वाढवून राह्यल्या, बाई? माफीची एक चिठ्ठी लिहून द्या न. वरून मलेच बोलणी बसते.’’

घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहिल्या दिवशी हातोडी हाती घेतली तेव्हा दहावीची मुलं खिडकीत गोळा झाली. हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. माझा बाप ब्रह्मपुरीला हमाली करायचा. त्यानं मला शिकवलं ते बाबासाहेबांचं नाव घेऊन, आणि मी इथे लोखंड बडवत होते. त्या दिवशी मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही राग आला. घंटा वाजवणं काही कमीपणाचं नाही, हे मी स्वतःला सांगे. पण ते मला कमी करण्यासाठीच दिलं होतं, हे कसं विसरू?

दिवाळीनंतर मी थकले. नियमाप्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती लिहिल्या, पर्समध्ये ठेवल्या. पोस्टात जायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात वार्षिक तपासणी आली. आदल्या दिवशी सकाळी वही आली: आठव्या तासाला पाचवीकडून प्रयोगशाळा स्वच्छ करून घ्यावी. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोरांनी पोती ओढायची, आणि मी उभं राहून बघायचं. मी सहीच्या वर लिहिलं, ‘आत सचिवांच्या धानाची पोती आहेत. ती मुलांकडून उचलून घेणार नाही.’ शिपाईभाऊंनी वही न वाचता मिटली. पाचवीला मी मैदानावर लंगडी खेळवली. संध्याकाळी सचिवांचे गडी येऊन पोती घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी शाळेचं दप्तर तपासलं. सूचना वहीही त्यात असतेच, हे घाईत मुख्याध्यापकांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. साहेबांनी माझी ओळ वाचली, रिकाम्या खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. खाली लिहिलं, ‘पाहिले’, आणि सही ठोकली. मग जेवायला सचिवांकडे गेले.

मी दिवसभर वाट पाहत होते, कोणीतरी मला विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही.

पण आता ते पान फाडता येत नव्हतं. खालच्या साहेबांच्या सहीमुळे खोलीत पोतीही परत ठेवता येत नव्हती. महिन्याभरात धूळ झटकून जुनी कपाटं उघडली आणि दहावीचे प्रयोग सुरू झाले. गणिताच्या सरांकडेच. माझं वेळापत्रक तेच राहिलं, खुर्ची आली नाही.

पहिल्या प्रयोगाच्या तासाला मी बाकावर बसून होते. आतून काच वाजल्याचा आवाज आला, मग एक मुलगी ओरडली, ‘‘सर, लाल झालं, लाल झालं!’’ तास संपायची वेळ झाली. मी हातोडी घेऊन लिंबाखाली गेले आणि तशीच उभी राहिले. मुख्याध्यापकांनी खोलीतून मान काढून घड्याळ दाखवलं. आतल्या सगळ्या मुलांचं पाहून होईपर्यंत मी घंटा दिली नाही.

राजीनाम्याच्या दोन्ही प्रती त्या संध्याकाळी चुलीत घातल्या.