मावशीनं लिहिलेलं ‘बिऱ्हाड’चं पान

मावशी माझी कुणी नव्हे. माझ्या शाळेपासूनच्या मित्राची ती सख्खी मावशी. तिला मी एकदा ‘काकू’ म्हणालो होतो, तेव्हा तिनं चष्म्यावरून असं पाहिलं की तेव्हापासून मीही मावशीच म्हणतो. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ती माहितीपुस्तिका लिहिते. पंप विकत घेतल्यावर खोक्यात जी घडी केलेली पुस्तिका येते आणि जी आपण न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकतो, ती मावशीनं लिहिलेली असते. आपलं लिखाण कुणी वाचत नाही याचं तिला जराही वाईट वाटत नाही. पाणी चढलं नाही की वाचतात, म्हणते.

मित्रानं एक खेळ तयार केला. पटावरचा, चार जणांचा, नाव ‘बिऱ्हाड’. प्रत्येकापुढे एक रिकामा ट्रक, म्हणजे चौकटी आखलेला पुठ्ठा. घरातल्या वस्तूंचे वेडेवाकडे तुकडे असतात. सोफा, कपाट, कुंड्या, पाळणा. ते ट्रकात नीट बसवायचे आणि जे बसणार नाही ते शेजारच्या खेळाडूला द्यायचं. शेजाऱ्यानं ते घेतलंच पाहिजे. चित्रं माझी. वस्तू बऱ्या काढतो मी, माणसं काढायला सांगितली तर अंगावर येतं.

खेळ छापायचा तर एका वेळी बराच माल छापावा लागतो, छापखानेवाला चार खोक्यांना भीक घालत नाही. म्हणून लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम मांडायची ठरली. तिथला नियम साधा. ठरवलेली रक्कम ठरवलेल्या मुदतीत जमली तर मिळते, नाही तर कुणाच्याच खात्यातून काही कापलं जात नाही आणि आपण आपल्या घरी. मित्रानं मागची काही वर्षं या खेळावर घालवली होती. ही मोहीम पडली तर पट माळ्यावर टाकून पुन्हा हात लावणार नाही, असं तो म्हणाला होता. तो असं बोलला की तसंच करतो, ते आम्हाला ठाऊक होतं.

मोहिमेचं पान आधी त्यानंच लिहिलं होतं. त्यात ‘अविस्मरणीय’ हा शब्द इतक्या वेळा होता की मला तो वाचून खोकला आला. सुरुवातीला एक आजोबा होते. ते अंगणात नातवाला सोंगट्यांचे डाव शिकवत होते.

मावशीनं कागद वाचला आणि विचारलं, “हे आजोबा कोण?”

“असंच गं. लोकांना गोष्ट लागते.”

“तुझ्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खेळणारी माणसं रिकामटेकडी वाटायची. त्यांना कशाला अंगणात बसवतोस?”

आजोबा गेले. मग मावशीनं पान स्वतःकडे घेतलं आणि आमच्या नाकी नऊ आणले.

तिची पद्धत उलटी आहे. पंपाच्या पुस्तिकेत ती आधी काय बिघडू शकतं ते लिहिते आणि मग पंप कसा चालवायचा ते. इथेही तिनं सर्वांत खालचा ‘जोखीम आणि अडचणी’ हा भाग पहिल्यांदा लिहायला घेतला. छपाईला उशीर झाला तर काय, तुकडे कापणारा साचा बिघडला तर काय, खोकी वाटेत भिजली तर काय. मित्र म्हणाला, लोक घाबरून पळतील. ती म्हणाली, ज्यांना पळायचंय त्यांनी पैसे देण्याआधी पळावं.

मग बक्षिसं. अमुक रक्कम दिली तर खेळाचं खोकं, त्याहून जास्त दिली तर तुमच्या घरातली एक वस्तू चित्रात काढून खेळात घालू. ही शेवटची कल्पना मित्राची होती आणि ती कितीही जणांना द्यायला तो तयार होता. मावशीनं मला विचारलं, महिन्याला किती वस्तू काढशील? मी छाती फुगवून आकडा सांगितला. तिनं तो निम्मा केला, तेवढ्याच जागा ठेवल्या आणि वर म्हणाली, एकदा कुणी ते बक्षीस निवडलं की त्यातला शब्द बदलता येत नाही, तेव्हा आत्ताच खरं बोल. तो निम्मा आकडाच खरा होता.

लिहून झालं की ती खेळाचा गंधही नसलेल्या कुणाला तरी पान मोठ्यानं वाचायला लावायची. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई, तिच्या ऑफिसातला हिशेबनीस, एकदा तर गॅस शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस. ते वाचायचे आणि मावशी पेन्सिल घेऊन फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. जिथे कुणी अडखळेल तिथे ठिपका. ठिपका पडलेलं वाक्य ती दुरुस्त करायची नाही, सरळ फेकून द्यायची. एखाद्या कवीनं आपल्या ओळीवर एवढी मेहनत घेतलेली मी तरी पाहिली नाही, आणि मी बरेच कवी पाहिलेत.

सगळं जमलं. घोडं अडलं ते एका ठिकाणी, गोष्टीपाशी. हा खेळ सुचला कसा?

कसा सुचला ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मित्राचा आणि त्याच्या बायकोचा घटस्फोट झाला, तेव्हा दोघं एका दुपारी रिकाम्या होत चाललेल्या घरात जमिनीवर बसून सामान वाटत होते. हे तुझं, हे माझं, हे तुझ्या नव्या घरात मावणार नाही, मग मी नेतो. भांडणतंटा काही नाही. त्या दुपारनंतर तो महिनाभर कुणाशी नीट बोलला नाही आणि मग पुठ्ठे कापायला लागला. पण पानावर हे घालायला त्यानं साफ नकार दिला. मावशीनं फार ताणलं नाही. तिनं गोष्टीच्या जागी दोन कोरडी वाक्यं लिहिली. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण आतही काही नव्हतं.

मोहीम सुरू झाली. पहिल्या दिवशी नात्यातले, ऑफिसातले, माझे उधारीवरचे मित्र, सगळ्यांनी हातभार लावला आणि प्रगतीची हिरवी पट्टी झपकन पुढे सरकली. मग ती बसली. अशा मोहिमा मधल्या दिवसांत सुस्तावतात हे आम्ही वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि रोज सकाळी पट्टी जिथल्या तिथे बघणं वेगळं. मित्राचा चेहरा उतरत गेला. जेवताना तो पट माळ्यावर टाकायची भाषा करू लागला.

पानावर खेळाचा एक फुकट नमुना ठेवला होता. कुणीही घरी छापायचा, कापायचा आणि खेळून बघायचा. तो खेळून एका बाईनं खाली प्रतिक्रिया लिहिली: “आमच्या घरी सोफा फिरून फिरून माझ्याच पदरात पडतो. नको म्हणायची सोय का नाही?” आणखी दोघातिघांनी तिची री ओढली. मित्रानं उत्तर दिलं, खेळाचा समतोल राखण्यासाठी.

मावशीनं ते वाचलं आणि त्याला बोलावून घेतलं. मीही होतो, म्हणून सांगतो. ती चिडली नव्हती. तिनं शांतपणे विचारलं, “समतोलासाठी का?”

तो म्हणाला, “त्या दिवशी ती जे जे पुढे करत होती, ते मी घेत होतो. नको म्हणता येत नव्हतं मला. म्हटलं असतं तर संपलं असतं सगळं लवकर, आणि मला ते संपायला नको होतं.”

“मग हेच उत्तर आहे,” मावशी म्हणाली. “पण ते एकट्या तुझं नाही. तिला विचारल्याशिवाय मी एक अक्षर टाकणार नाही.”

तिनं पानावर टाकायच्या ताज्या खबरेचा मजकूर लिहिला आणि तो घेऊन ती चष्म्याच्या दुकानात गेली. मित्राची पूर्वीची बायको तिथे डोळे तपासते. मी गाडी चालवायला म्हणून सोबत होतो आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर अंग चोरून बसलो. मावशीनं कागद तिच्या हातात दिला नाही, तिलाच मोठ्यानं वाचायला सांगितलं असतं तर बरं दिसलं नसतं. तिनं स्वतः वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा मी मावशीला वाचताना अडखळलेलं ऐकलं.

ती ऐकत होती. हातातलं भिंग पुसायची थांबली होती. शेवटी म्हणाली, “टाका. माझं नाव नको. पण मावशी, एक चुकलंय. मी नको म्हणाले होते.”

“कशाला?”

“शिडीला. घडीची शिडी त्यानं माझ्याकडे सरकवली. मी परत ढकलली. त्याचा हात माळ्यापर्यंत पोचत नाही, माझा पोचतो. एकदाच म्हणाले, पण म्हणाले होते.”

मावशीनं पेन्सिलीनं कागदावर काहीतरी खरडलं. जाताना तिनं त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसलो.

मित्राला सांगितलं, तेव्हा तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. शिडी त्याच्या लक्षात होती. ती आपण सरकवली आणि तिनं परत ढकलली, हे मात्र तो सोयीस्करपणे विसरला होता. इतकी वर्षं त्याच्या हिशेबात सगळं तिनं दिलं होतं आणि त्यानं मुकाट घेतलं होतं.

मग मावशीच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही नवा नियम लावून डाव मांडले. प्रत्येकाला अख्ख्या डावात एकदाच ‘नको’ म्हणता येईल. खेळाचा जीव बदलला. आधी लोक सोफा अंगावर आला की कुरकुरायचे, आता ते आपलं एकुलतं ‘नको’ कधी खर्चायचं याचा विचार करत थांबायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ते शेवटपर्यंत जपून ठेवलं आणि वापरलंच नाही. विचारलं तर म्हणाल्या, हातात आहे तेवढं पुरे.

पुरेसे डाव खेळून झाल्यावरच मावशीनं ती खबर पानावर टाकली. नियमात चूक होती, ती कुणी दाखवली, आता काय बदललं, आणि हा खेळ कुठून आला. ज्यांना बदल पटणार नाही त्यांनी मुदतीआधी पाठिंबा मागे घेतला तरी चालेल, हेही स्पष्ट लिहिलं. काहींनी घेतलाही. त्या दिवशी पट्टी मागे आली आणि मित्रानं मावशीकडे पाहिलं नाही.

पण प्रतिक्रिया येऊ लागल्या. घर बदललेल्यांच्या, घर मोडलेल्यांच्या, आईच्या मागे भावंडांनी भांडी वाटून घेतलेल्यांच्या. कुणी काय घेतलं, कशाला नको म्हणाले, कशाला म्हणायला हवं होतं. मावशीनं एकेकाला उत्तर दिलं, पंपाच्या गिऱ्हाइकांना देते तसंच, मोजकं आणि मुद्द्याचं. वस्तू काढून घ्यायच्या जागा संपल्या. माझ्या मनगटाची तेव्हापासून तक्रार आहे. शेवटच्या दिवशी दुपारी ठरवलेली रक्कम पुरी झाली आणि जराशी वरही गेली. खेळ छापला जाणार होता.

मुदत संपली की पान बंद होतं. त्यातला मजकूर मग कुणालाच बदलता येत नाही, तो तसाच राहतो. हे मावशीनंच आम्हाला सांगितलं होतं. मुदत संपायला थोडा वेळ उरला असताना मित्र तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, गोष्ट मला लिहू दे. तिनं संगणक त्याच्याकडे सरकवला. गोष्टीच्या जागची दोन कोरडी वाक्यं त्यानं पुसली आणि लिहिलं:

‘या खेळाचे नियम दोघांनी मिळून केले. ते दोघं आता एका घरात राहत नाहीत.’

मावशीनं वाचलं. पेन्सिल तिच्या हातात होती, पण ती तशीच राहिली. तिनं फोन उचलला, चष्म्याच्या दुकानात लावला आणि ती दोन वाक्यं फोनवर वाचून दाखवली. पलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, “त्याला सांगा, राहू दे. आणि माझं नावही घाला.”