आधी कळू दे, मग सही

आमची ही भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांची नव्हे, संमतीपत्रकांची. एखाद्या आजारावरचं नवं औषध माणसांवर तपासून पाहायचं असलं की त्या माणसांना आधी सगळं लेखी सांगावं लागतं: काय करणार, काय धोका, काय हक्क. ते मूळ इंग्रजीत असतं, पंधरा-वीस पानांचं, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन त्याचं मराठी होतं. मी ताट मांडीवर घेऊन जेवायला केव्हाच शिकलो आहे.

अशा कामाची एक पद्धत असते. हिनं मराठी केलं की ते एका निवृत्त प्राध्यापकांकडे जातं. त्यांनी मूळ इंग्रजी पाहायचं नाही. नुसतं मराठी वाचून पुन्हा इंग्रजी करायचं. मूळ आणि उलट केलेलं जुळलं की हॉस्पिटलची नैतिक समिती ते तपासते, मंजुरी देते, आणि मग त्यातला एक शब्दही समितीला न विचारता हलवता येत नाही. पद्धत चांगली आहे, पण माणसं शेवटी माणसंच. कागद परत येऊ नये म्हणून ही असं लिहायला शिकली की प्राध्यापकांच्या हातून बरोब्बर मूळ शब्दच निघावा. "सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने गटनिर्धारण करण्यात येईल." प्राध्यापक खूश, समिती खूश. ही आणि प्राध्यापक एकमेकांकडे चेंडू टाकत राहिले आणि तो पेशंटच्या डोक्यावरून जात राहिला. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाली, "तुम्ही भाजी निवडा."

मग अक्काचं झालं. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण, आमच्या मागच्याच गल्लीत एकटी राहते. जन्म शिवणकामात गेला आणि आता संधिवातानं बोटं अशी वळलीत की स्वेटरची बटणंसुद्धा लागत नाहीत. एका दुपारी ती हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे आली. डॉक्टरीणबाईंनी तिला संधिवाताच्या नव्या गोळीच्या अभ्यासात यायचं का विचारलं होतं आणि घरी नीट वाचा म्हणून पत्रक दिलं होतं. हिचंच.

"वाचलंस?" हिनं विचारलं.

"तू लिहिलंयस ना? मग मी काय वाचायचं! सही कुठं करायची तेवढं दाखव."

"अक्का, बस. वाच."

अक्कानं चष्मा लावून दोन पानं वाचली. पूजेची पोथी वाचावी तशी, मान डोलवत.

"आता सांग. तुला कुठली गोळी मिळणार?"

"नवी. डॉक्टरीणबाई बघून देतील ना मला सोसेल ती."

"आणि नको म्हणालीस तर?"

"तर काय, मग त्या कशाला बघतील मला पुन्हा? एवढं त्यांनी आपणहून विचारलंय."

हिनं अक्काला चहा करून दिला. अक्का गेल्यावर मात्र कपाळाला हात लावून बसली. कारण निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी मिळणार होती, कुणाला कुठली ते डॉक्टरीणबाईंनाही कळणार नव्हतं, आणि नाही म्हटलं तरी अक्काचे नेहमीचे उपचार तसेच चालणार होते. हे तिन्ही त्या पत्रकात होतं, मंजुरीच्या शिक्क्यासकट.

"माझ्या बहिणीला कळत नाही," ती म्हणाली, "तर मी कुणासाठी लिहिते हो?"

मला त्या दिवशी तिची खरंच दया आली. भाजी मीच निवडली.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या: पत्रक लोकांना कळत नाही, आणि यात माझी सख्खी बहीण आहे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अजून एकाचीही सही झाली नव्हती; आता पुन्हा समिती, पुन्हा थांबणं, कंपनीचे फोन. "तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच म्हणायचं कळत नाही?" त्या म्हणाल्या. पण थांबल्या. तेवढं त्यांचं मी मानतो.

पुढचे काही आठवडे हिच्या नाकी नऊ आले. नवा मसुदा घेऊन ती बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर बसायची. "कळलं का?" विचारलं की सगळेच "हो हो" म्हणतात, म्हणून "तुमच्या शब्दांत सांगा" म्हणायची. 'खोटी गोळी' लिहिलं तर एक आजोबा चिडले, "म्हणजे फसवणार आम्हाला?" मग झालं, "दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली गोळी." गटनिर्धारणाचं झालं, "कोणाला कुठली गोळी ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल. डॉक्टरही ठरवणार नाहीत." प्राध्यापकांचा फोन आला, मूळ शब्द हरवला म्हणून. हिनं प्रत्येक वाक्याला मूळ अर्थ कसा शाबूत आहे ते शेजारी लिहून पाठवलं. कुरकुरत का होईना, त्यांना ते पटलं.

समितीत मात्र ती पकडली गेली. तिथे डॉक्टर नसलेले, सामान्य लोकांच्या बाजूनं वाचणारे एक गृहस्थ असतात. ते म्हणाले, "बाई, मूळ इंग्रजीत लिहिलंय की शंभरातल्या चार-पाच जणांच्या लिव्हरला त्रास झाला आणि गोळी थांबवल्यावर बहुतेकांचा बरा झाला. तुम्ही नुसतं 'लिव्हर खराब होऊ शकतं' लिहिलंय. भीती घालून 'नको' म्हणायला लावणं, हीसुद्धा जबरदस्तीच."

घरी येऊन तिनं ते वाक्य दुरुस्त केलं. ते कुणासाठी लिहिलं होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मंजुरी आली. अक्कानं नवं पत्रक चार दिवस घरी ठेवून वाचलं आणि आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंनी हिला बजावलं, "तुम्ही बसा, पण बोलायचं नाही." मग अक्काला म्हणाल्या, "काय कळलं ते सांगा."

अक्कानं सांगितलं. आत्ताच्या गोळ्या चालूच राहतील. नवीत औषध असेल किंवा नसेल, चिठ्ठी निघेल तसं. जंतुसंसर्ग होऊ शकतो, लिव्हरला त्रास होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला रक्त घेतील. अजून माहीत नसलेलंही काही निघू शकतं. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च माझा नाही, वर भरपाईचाही हक्क आहे. "आणि मी आज नको म्हणाले, किंवा मधेच सोडलं, तरी तुम्ही मला आत्तासारखंच बघणार. कारण सांगायचीही गरज नाही."

"मग, काय ठरवलंत? अजून वेळ घ्या हवं तर."

"नको. येते मी यात."

बाई कागद आणायला आत गेल्या. तेवढ्यात ही न राहवून कुजबुजली, "अक्के, नको ना. त्यात औषध असेलच असं नाही, आणि असलं तर लिव्हर..."

अक्कानं तिच्या हातावर आपली वाकडी बोटं ठेवली. "अगं, वाचलंय मी. लग्न, शिवणकाम, दवाखाना, सगळ्याला हो म्हणत आले, कारण नाही म्हणता येतं हे कुणी सांगितलंच नाही. ते तू लिहिलंस. आता मला पहिल्यांदा माझ्या मनानं हो म्हणू दे."

सही आणि तारीख तिनं स्वतःच घातली. पेन बोटांत धरायला वेळ लागला. ही मदतीला पुढे झाली, मग थांबली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.