बेताचे आभार

बोतोशान शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यात ओटिलिया बर्सानने उभे आयुष्य कापड बेतण्यात घालवले होते. ती अबोल नव्हती, पण कुणाची स्तुती करायची म्हटली की तिची जीभ अडखळत असे. त्यामुळे डिसेंबरात संत स्पिरिडोनचा सण जवळ आला, तेव्हा उत्पादन व्यवस्थापकांना पाठवायचा संदेश तिने लिहावा असे ठरले, याचे साऱ्यांना नवल वाटले.

व्यवस्थापकांचे नाव स्पिरिडोन मुरारू. ज्या संताचे नाव माणसाला मिळाले, त्याच्या दिवशी त्या माणसाचे अभिनंदन करायचे, ही तिथली जुनी रीत. नामदिनाला वाढदिवसापेक्षा कमी मान नव्हता. दरवर्षी विभागप्रमुख युलियान चार ओळी लिहून सर्वांच्या नावाने पाठवत असे. यंदा मात्र शिलाईच्या दोन रांगांपैकी एक बंद होणार, अशी कुजबुज होती. कोण राहील आणि कोण जाईल, ते मुरारूच ठरवणार होते. चार ओळींवर भागणार नाही, असे युलियानला वाटू लागले.

"तुमच्याकडे खरी गोष्ट आहे, ओटिलियाबाई," तो म्हणाला. "अंगेलच्या आजारपणात साहेबांनी तुम्हाला सांभाळून घेतलं. तुम्ही ते लिहा, आम्ही खाली सह्या करतो."

गोष्ट खरी होती. मागल्या वर्षी अंगेलला, तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला. त्याला पुन्हा चालवण्यासाठीच्या व्यायामाची वेळ दुपारची, आणि ओटिलियाची पाळी एक आठवडा सकाळची तर एक आठवडा दुपारची. तिला कायम सकाळचीच पाळी हवी होती. ती अर्ज घेऊन मुरारूंकडे गेली, तेव्हा त्यांनी मान वर न करता नकार दिला. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच तिला बोलावले. ज्यांना दुपारची पाळी सोयीची होती, अशा दोघींशी ते आधीच बोलून आले होते. उन्हाळा संपेपर्यंत ती सकाळी येत राहिली, आणि या उपकाराचा उच्चार त्यांनी पुन्हा कधी केला नाही. आभार मानायचे राहून गेले होते. ते आता मानावेत, असे तिलाही मनापासून वाटत होते.

तिने एक पान लिहून दिले. दुसऱ्या दिवशी युलियानने ते "जरा सजवून" परत दिले. जेवणाच्या सुट्टीत आंकुत्सा ते संगणकावर वाचून दाखवू लागली. ही आंकुत्सा कापणी विभागातली तरुण कारकून. वडीलधाऱ्या बाईला तिथे सगळेच म्हणतात तशी तीही ओटिलियाला 'तांती' म्हणत असे.

"'आमच्या कारखान्याचा आधारवड असलेल्या, दूरदृष्टीच्या आणि पितृतुल्य...'"

"थांब. पितृतुल्य? तो माझ्याहून लहान आहे गं."

"पुढे ऐका तरी, तांती. 'आपल्या सुज्ञ मार्गदर्शनाखाली आम्ही सारे निष्ठेने...'"

ओटिलियाने हातातला पाव खाली ठेवला. ही भाषा तिच्या ओळखीची होती. ती मुलगी होती त्या काळी याच कारखान्यातून दर राष्ट्रीय सणाला वर, राजधानीत, सत्ताधारी पक्षाच्या नेत्याला अशाच अभिनंदनाच्या तारा जात. कामगार रांगेने उभे राहत आणि कुणीतरी ती तार मोठ्याने वाचे. लिहिणाऱ्याचा त्या शब्दांवर विश्वास नसे, ऐकणाऱ्यांचा तर नसेच. त्या कम्युनिस्ट राजवटीला जाऊन किती वर्षे लोटली, पण शब्द मात्र कुठेतरी घडी घालून ठेवल्यासारखे शाबूत होते.

"पुस हे सगळं," ती म्हणाली.

"सगळं? मग उरणार काय?"

"त्यांनी जे केलं, ते उरेल."

दोघी ओळीओळीने मागे गेल्या. विशेषणे गेली. 'सदैव' आणि 'नेहमीच' गेले. मुरारूंनी एकदाच एक काम केले होते आणि तेवढेच सांगायचे होते. शेवटची ओळ होती, 'यापुढेही आपली कृपादृष्टी राहील ही आशा.' ती ओटिलियाने पुरती ऐकूनही घेतली नाही. "आभार मानताना हात पसरला तर ती विनवणी होते," ती म्हणाली.

मग आंकुत्साने कर्सर एका वाक्यावर नेला. "हे मात्र तुमचंच आहे. 'आपण नसता, तर माझा नवरा पुन्हा चालू शकला नसता.' छान आहे की."

ओटिलियाने ते वाक्य पुन्हा वाचले. युलियानला नावे ठेवणे सोपे होते; पण हेही खोटेच होते, आणि ते तिने स्वतः लिहिले होते. अंगेलला चालवले ते व्यायाम घेणाऱ्या मुलीने, आणि त्याच्या स्वतःच्या हट्टी स्वभावाने. मुरारूंनी दिली होती ती फक्त दुपार.

"हेही काढ. लिही, 'दुपारी मी त्याच्याबरोबर जाऊ शकले. एकट्याने तो गेला नसता.'"

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे. आणि सुरुवातीला लिही की पहिल्यांदा त्यांनी नाही म्हटलं होतं."

आंकुत्साची बोटे थबकली. एव्हाना युलियान मागे येऊन उभा राहिला होता. त्याने वाचले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, नामदिनाला माणसाला त्याच्या नकाराची आठवण करून देतात का? सणाच्या दिवशी सुतकाची गोष्ट."

"त्यांनी नाही म्हटलं, मग विचार केला आणि निर्णय बदलला. आभार त्या विचाराचे आहेत. पहिलं गाळलं तर दुसऱ्याला काय किंमत?"

"आणि वरिष्ठ संचालकांना प्रत कुठे आहे? साहेबांचं नाव वर पोचायला नको?"

"संचालकांनी माझी पाळी बदलली नव्हती."

युलियानचा आवाज खाली आला. "ओटिलियाबाई, मला काय हौस आहे? रांग बंद झाली तर तुमच्यासकट निम्मी माणसं घरी बसतील. दोन गोड शब्दांनी कुणाचं काही जात असेल, तर सांगा."

तो वाईट माणूस नव्हता, हे तिला ठाऊक होते. तो भ्यालेला होता. भीती तिलाही होती. या वयात तिला दुसरीकडे कुणी कामावर घेतले नसते.

"माझं जातं," ती म्हणाली. "हे आभार मला एकदाच मानायचे आहेत. तुमच्या रांगेसाठी ते वापरले, तर मानायला माझ्याकडे काही उरणार नाही. तुमचा संदेश तुम्ही पाठवा. त्यात माझं नाव नको."

"नाव नसलेलं साहेबांना दिसेल."

"दिसू दे."

युलियान खांदे उडवून निघून गेला. आंकुत्साने विचारले, "तांती, सणानंतर पाठवू या का? कोण राहणार त्याची यादी लागून गेली की कुणी लोचट म्हणणार नाही."

हे ओटिलियाच्याही मनात आले होते. पण राहिलो तर आभार आणि गेलो तर मौन, असा तो हिशेब झाला असता. तिने नकारार्थी मान हलवली. पाच वाक्यांचा तो मजकूर, फक्त मुरारूंच्या नावे, तिने स्वतःच्या बोटाने कळ दाबून पाठवला.

सणाच्या दिवशी रीतीप्रमाणे मुरारूंनीच सर्वांचे तोंड गोड केले. नाताळाआधीचे उपवास चालू होते, म्हणून दूध-अंडे न घातलेली सफरचंदाची पोळी होती. ताट हातात घेऊन ते टेबलाटेबलापाशी फिरत होते. युलियानपाशी ते म्हणाले, "सुंदर संदेश होता, धन्यवाद," आणि पुढे सरकले. दरवर्षी ते हेच म्हणत.

ओटिलियाच्या टेबलापाशी येऊन त्यांनी ताट खाली ठेवले.

"तुम्हाला आधी मी नाही म्हटलं होतं, हे मी विसरून गेलो होतो," ते म्हणाले.

"मी विसरले नव्हते."

आसपासच्या कात्र्या थांबल्या. युलियानने डोळे मिटून घेतले. मुरारू एक खुर्ची ओढून खाली बसले. त्या विभागात त्यांना बसलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

"त्या दिवशी मी अर्ज वाचलाच नव्हता," ते म्हणाले. "तो घरी जाऊन वाचला. अंगेल कसे आहेत आता?"

"काठी घेऊन बाजारात जातो आणि भाजीवाल्याशी भांडतो."

"म्हणजे बरे आहेत."

"आहेत."

रांगेबद्दल तिने विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. त्यांनी पोळीचा एक तुकडा तिच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघांनी ते तिथेच बसून खाल्ले.