‘मी’चा ‘आमी’ होतो तेव्हा

मित्रांनो, माणगावच्या कॉलेजात शिकवून आत्ताच घरी आलेय, पण डोकं शांत होत नाहीये.

आज वर्गात एका दलित आत्मकथनातला पाणवठ्याचा प्रसंग वाचला. रोहन म्हणाला, "मॅडम, ही साक्ष आहे. यात साहित्य काय शोधायचं?"

वर्गातलीच सुजाता म्हणाली, "अरे, लेखक सगळीकडे प्रमाण भाषेत 'मी' लिहितो. पाणवठ्यावरून हाकलल्यावर मात्र 'आमी तहानलेलेच ऱ्हायलो' असं वस्तीच्या बोलीत लिहितो. त्या एका वाक्याने एकट्याची साक्ष सगळ्या वस्तीची होते."

रोहन खाली बघत म्हणाला, "माझ्या आजीला असंच हाकललं होतं. तिथे मला वाक्यरचना बघवत नाही."

मला दोघांचंही पटलं. तुमच्या घरातली वेदना पुस्तकात आली, तर तिची भाषा तुम्ही तपासू शकाल?