ड्रेन थांबला तेव्हा

आमच्या थिएटरात एका माणसाला सगळे पोपटराव म्हणतात, तेही तोंडावर. ते हार्ट-लंग मशीन चालवतात आणि सर्जन बोलेल ते मोठ्याने परत बोलतात. "पंप चालू." "पंप चालू." घरी बायको मीठ कमी पडलं म्हणाली तरी "मीठ कमी" म्हणत असतील, अशी माझी खात्री आहे. बावीस वर्षं सिस्टर म्हणून मी ही बडबड ऐकतेय, डोकं उठतं अगदी. पण त्यांचं म्हणणं एकच, "ऐकलं एक, केलं दुसरं, तर माणूस हातचा जातो."

त्या सोमवारी एका बस कंडक्टरांचं बायपास होतं. त्यांची बायको दाराशी उभी राहून मला विचारत होती, "हृदय बंद करणार म्हणे. मग हे जगतील कसे?" मी घाईत होते. पोपटराव थांबले.

"वहिनी, अंगातलं रक्त नळीने माझ्या मशीनमध्ये येणार. मी त्यात ऑक्सिजन भरणार, ते थोडं गार करणार आणि पंपाने परत धमनीत सोडणार. तेवढा वेळ हृदयाला सुट्टी."

"आणि सुट्टीवरून ते परतच आलं नाही तर?"

"आणायचं काम आमचं," पोपटराव म्हणाले.

रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, तपासलं, मगच पंप सुरू झाला. सर्जनने महाधमनीला चिमटा लावला आणि पोटॅशियम घातलेलं थंडगार रक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडायला सांगितलं. मॉनिटरवरची रेघ आधी वेडीवाकडी झाली, मग सरळ. थांबलेलं, गार पडलेलं हृदय फार कमी ऑक्सिजन खातं, म्हणून तगून राहतं. तरी दर वीस मिनिटांनी पोपटरावांची हाक यायचीच, "वीस मिनिटं झाली!" आणि तो थंड डोस परत जायचा. त्या दिवशी मी एकदाही वैतागले नाही, हे इथे कबूल करते.

पायातून काढलेली शीर वापरून, तुंबलेल्या रक्तवाहिन्यांना बगल देणाऱ्या तीन जोडण्या झाल्या. अंग गरम केलं, चिमटा काढला. हृदय थरथरायला लागलं, एक शॉक दिला आणि ते आपलं आपण चालू लागलं. पंप हळूहळू बंद केला, हेपॅरिन उतरवायचं औषध दिलं. अठ्ठ्याहत्तर मिनिटं सुट्टी झाली होती.

माणसं कमी, म्हणून दुपारी मीच आयसीयूत होते. मशीनमधून फिरून आलेलं रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे छातीतल्या ड्रेनमधून, म्हणजे साचलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, सुरुवातीला थोडं रक्त येतंच. पण इथे तासाला दीड-दोनशे मिली येत होतं. सर्जनने प्लेटलेट चढवायला सांगितल्या. पाचच्या सुमाराला ड्रेन एकदम थांबला. माझा जीव भांड्यात पडला. मी बाहेर जाऊन वहिनींना सांगितलं, "रक्त थांबलं हो!" त्यांनी लगेच मुलीला फोन लावला.

पोपटराव आपला पेशंट बघायला आले, तसे रोजच येतात. मी हसून म्हणाले, "ड्रेन थांबला."

"ड्रेन थांबला," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "ड्रेन थांबला? की रक्त थांबलं?"

मी मॉनिटरकडे पाहिलं. बीपी ऐंशी, नाडी एकशेतीस, मानेच्या शिरेतला दाब चढून अठरा. लघवीची पिशवी तासाभरात हललीच नव्हती. नळीत गुठळी अडकली होती, आणि आत साचणारं रक्त हृदयाला आवळत होतं. सर्जनला मीच हाक मारली, आणि पंधरा मिनिटांत छाती परत उघडली. मूठभर गुठळ्या निघाल्या. पायातून घेतलेल्या शिरेची एक बारीक फांदी गळत होती. एक टाका घातला आणि बीपी तिथल्या तिथे वर आलं.

पुढे कुरबुरी झाल्याच. दुसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाले. हे तर बऱ्याच जणांना होतं, औषधाने ते ताळ्यावर आले. तिसऱ्या दिवशी थोडा भ्रम झाला, तेव्हा कंडक्टर राउंडला आलेल्या सर्जनकडे तिकीट मागत होते आणि "पुढे सरका" म्हणत होते. सर्जन सरकलेही.

चौथ्या दिवशी ते वॉर्डात खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी वहिनींना खरं सांगून टाकलं, "मी ज्याला चांगली बातमी म्हणाले ना, त्यात हे जाणार होते. चूक माझी होती."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "त्या तासात माझी लेक फोनवर हसली. पुढचं मी तिला सांगितलेलंच नाही. तुम्हीही सांगू नका."

मग नवऱ्याच्या हातातला रिकामा कप घेऊन त्या विसळायला गेल्या.